धूर छातीत, डाग आतड्यात: धूम्रपान आणि जठर, मोठं आतडं, गुदाशय यांचा कॅन्सर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुर्बिणीची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला एकच प्रश्न रोज नव्या तोंडून ऐकावा लागतो. खाली तेच प्रश्न आहेत. उत्तरं देताना एका रुग्णाची हकिगत मधूनमधून येईल. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण त्याच्या रिपोर्टमध्ये जे होतं ते या विषयाचं सार आहे. वय 54, बाविसाव्या वर्षापासून सिगारेट, रोज साधारण 15. तक्रार एवढीच की वर्षभर दम लवकर लागतो, थकवा जात नाही.

धूर तर फुफ्फुसात जातो. आतड्याशी त्याचा काय संबंध?

धूर फुफ्फुसात थांबत नाही. तिथल्या पातळ पडद्यातून त्यातली रसायनं रक्तात उतरतात आणि रक्त शरीरभर फिरतं, आतड्याच्या अस्तरातही जातं. हा झाला एक रस्ता. दुसरा रस्ता लोकांच्या लक्षात येत नाही. धुरातला चिकट अंश तोंडातल्या लाळेत मिसळतो, श्वासनळीतला कफ वर येतो, आणि दोन्ही आपण दिवसभर नकळत गिळत असतो. म्हणजे जठराला तोच माल रक्ताकडूनही मिळतो आणि अन्ननलिकेतूनही.

तंबाखूच्या धुरात कॅन्सर घडवणारी साठाहून जास्त रसायनं सापडली आहेत. पोटाच्या बाबतीत बेंझोपायरीनसारखी काजळीतली संयुगं आणि तंबाखूतली नायट्रोसामाइन्स जास्त महत्त्वाची. यकृत त्यांना बाहेर काढण्यासाठी त्यांचं रूप बदलतं, आणि त्या बदलात काही रसायनं उलट जास्त आक्रमक होऊन पेशीच्या डीएनएला चिकटतात. अशा चिकटलेल्या जागा धूम्रपान करणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातही मोजल्या गेल्या आहेत. पेशी दुभंगताना त्या जागी चूक राहून गेली, की ती चूक पुढच्या प्रत्येक पिढीत उतरते. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. म्हणजे पेशी सतत दुभंगत असतात आणि चुकीला संधीही सतत मिळत असते.

धोका नेमका किती वाढतो? घाबरवू नका, आकडा सांगा.

जठराच्या कॅन्सरचा धोका सध्या सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत सुमारे दीडपट ते पावणेदोनपट असतो. स्त्रियांमध्ये वाढ काहीशी कमी दिसते. मोठं आतडं आणि गुदाशय मिळून धोका सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो, त्यातही गुदाशयात संबंध जास्त ठळक आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये हाच आकडा पंधरा-वीसपट किंवा त्याहून वर जातो. त्यामुळे पोटाच्या आकड्याकडे पाहून लोक म्हणतात, "बस, एवढंच?"

त्यासाठी हिशेब करून पाहू. समजा एखाद्या समाजात न ओढणाऱ्या 100 जणांपैकी 4 जणांना आयुष्यात कधी ना कधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो. 20 टक्क्यांची वाढ म्हणजे ओढणाऱ्या 100 पैकी जवळपास 5. एका माणसापुरतं पाहिलं तर हे थोडं वाटतं. पण हा कॅन्सर मुळात खूप जणांना होतो, त्यामुळे लाखांच्या लोकसंख्येत त्या एकाचे हजार होतात. शिवाय 20 टक्के ही सरासरी आहे. दोन वर्षं ओढून सोडलेला आणि चाळीस वर्षं पाकीटभर ओढणारा असे दोघेही तिच्यात एकत्र मोजलेले असतात.

डॉक्टर तुमचा हिशेब पॅक-वर्षांत करतात. एक पाकीट म्हणजे 20 सिगारेट, आणि रोज एक पाकीट असं एक वर्ष म्हणजे एक पॅक-वर्ष. आपल्या रुग्णाचे 15 भागिले 20, गुणिले 32 वर्षं, म्हणजे 24 पॅक-वर्षं झाली. पण आतड्याच्या बाबतीत रोज किती ओढता यापेक्षा किती वर्षं ओढताय हे जास्त बोलतं, असं माझं मत आहे. याचं कारण पुढच्या उत्तरात.

एवढा संबंध आहे तर आमच्या वडिलांच्या काळात कुणी बोललं कसं नाही?

कारण तेव्हा तो दिसत नव्हता. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातं 1950 च्या सुमारास पक्कं होऊ लागलं. त्याच काळातल्या आणि नंतरच्या कित्येक अभ्यासांत मोठ्या आतड्याचा रकाना मात्र जवळपास कोरा निघाला. संशोधक प्रामाणिक होते, फक्त घाई झाली होती. या कॅन्सरला सिगारेट सुरू केल्यापासून तीस ते चाळीस वर्षं लागतात. तेवढा काळ ओढून झालेली माणसं त्या अभ्यासांत पुरेशी नव्हतीच. स्त्रियांनी मोठ्या संख्येने ओढायला सुरुवात आणखी उशिरा केली, त्यामुळे त्यांचे आकडे आणखी मागे पडले.

1990 च्या दशकात अमेरिकेत वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या डॉक्टर-नर्सेसच्या मोठ्या गटांतून चित्र उलगडलं. वीसेक वर्षांपूर्वीचं धूम्रपान लहान पॉलिपांशी जुळत होतं, तर कॅन्सरशी त्याहून जुनं, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं. मग अधिकृत शिक्के आले, तेही क्रमाने. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2004 च्या अहवालात जठराचा कॅन्सर धूम्रपानामुळे होतो असं नोंदलं गेलं, मोठ्या आतड्याची पाळी 2014 मध्ये आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मोठ्या आतड्याला 2009 च्या फेरविचारात यादीत घेतलं.

म्हणूनच "मी पंधरा वर्षं ओढतोय, पोटाला काही झालं नाही" या वाक्याला काही अर्थ नाही. पंधरा वर्षांत व्हायचं असतं ते पॉलिप, आणि ते दुखत नाही.

पॉलिप म्हणजे काय, आणि ओढणाऱ्यांचे पॉलिप वेगळे असतात का?

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला उंचवटा. कधी देठावर लोंबणारा, कधी चामखिळीसारखा, कधी नुसता पसरट. बहुतेक पॉलिप कॅन्सर होत नाहीत. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर पॉलिपातूनच होतात, आणि त्याला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात. दुर्बिणीने पॉलिप काढला की ती साखळी तिथेच तुटते.

ओढणाऱ्यांमध्ये कॅन्सर 20 टक्क्यांनी वाढतो, पण अडिनोमा जातीचे पॉलिप जवळपास दुप्पट सापडतात. सोडलेल्यांमध्ये सुमारे दीडपट. पॉलिप दुप्पट आणि कॅन्सर फक्त सव्वापट, हे कोडं पहिल्यांदा वाचताना मलाही खटकलं होतं. एक उत्तर तुलनेच्या पद्धतीत आहे. पॉलिपच्या अभ्यासात सगळ्यांचीच दुर्बीण झालेली असते, त्यामुळे "पॉलिप नाही" म्हणजे खरंच नाही. कॅन्सरच्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या बहुतेक माणसांच्या आतड्यात कुणी डोकावलेलंच नसतं. त्यांच्यातल्या अनेकांना पॉलिप असतात, काही त्याच धुराने झालेले, आणि त्यामुळे दोन गटांतला फरक पुसट होतो. दुसरं उत्तर सरळ आहे, काही पॉलिप वाढतच नाहीत.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. सिगारेटचं नातं सगळ्यात घट्ट आहे ते पॉलिपच्या एका वेगळ्या जातीशी. सूक्ष्मदर्शकाखाली यातल्या ग्रंथींची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते, म्हणून त्यांना सेरेटेड म्हणतात. यातले धोक्याचे जे असतात ते बहुधा आतड्याच्या उजव्या भागात, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला बसतात. ते पसरट असतात, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचे, आणि वर पिवळसर चिकट श्लेष्माची टोपी घातलेले. पाण्याची पिचकारी मारून ती टोपी धुतली तरच खाली काहीतरी आहे हे कळतं. घाईत पाहणाऱ्याला ते घाणीचा डाग वाटू शकतं.

यांचा कॅन्सरकडे जायचा रस्ताही निराळा आहे. नेहमीच्या अडिनोमात एकामागून एक जनुकं बिघडत जातात. सेरेटेड जातीत जनुकाची अक्षरं शाबूत राहतात, पण त्यावर मिथाइल नावाच्या रासायनिक टोप्या बसून ते बंद पडतं. त्यात कधी एमएलएच1 हे जनुक बंद पडतं. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका तपासून दुरुस्त करणं हे त्याचं काम. तपासनीसच गेल्यावर चुका भराभर साठतात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये याला एमएसआय-हाय म्हणतात, आणि सोबत बीआरएएफ जनुकात बदल असतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कॅन्सरचा हा प्रकार जास्त वाढलेला दिसतो. सरासरीतल्या 20 टक्क्यांआड ही गोष्ट झाकली जाते.

माझं हिमोग्लोबिन चांगलं आहे, मग रक्त जात नसणार ना?

आपल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन 13.1 होतं. पुरुषांसाठी किमान 13 धरतात, त्यामुळे लॅबच्या कागदावर लाल खूण नव्हती आणि वर्षभर कुणाचं लक्ष गेलं नाही.

सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त घट्ट चिकटतो, तेवढं हिमोग्लोबिन कामातून जातं, आणि शरीर ती तूट भरायला जास्त रक्त बनवतं. त्यामुळे ओढणाऱ्याचा आकडा मुळातच फुगलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच ओढणाऱ्यांसाठी मर्यादा वर सरकवते. रोज दहा ते वीस सिगारेट असतील तर साधारण 0.3 ते 0.5 ग्रॅमने. तो हिशेब लावला तर या गृहस्थांना ॲनिमिया होता.

मग फेरिटिन तपासलं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या कोठाराचा अंदाज. ते 9 आलं, 15 च्या खाली कोठार रिकामं समजतात. पाळी नसणाऱ्या माणसाचं, म्हणजे कुठल्याही पुरुषाचं आणि पाळी गेलेल्या स्त्रीचं, लोह कमी झालं तर लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं व्हायचं नसतं. ते कुठून गेलं हे शोधायचं असतं. म्हणून वरची आणि खालची, दोन्ही दुर्बिणी एकाच दिवशी ठरल्या.

त्या तपासणीत काय सापडलं?

आधी तयारीबद्दल, कारण अर्धी तपासणी तिथेच जिंकली किंवा हरली जाते. पोट साफ करायचं औषध दोन हप्त्यांत घ्यायचं असतं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. सगळं आदल्या रात्री उरकलं तर रात्रभर लहान आतड्यातून पाझरलेला चिकट रस नेमका उजव्या भागात येऊन बसतो, आणि ते पसरट पॉलिप तर तिथेच असतात. पहाटे चारला उठायचा रुग्णांना कंटाळा येतो. या गृहस्थांनाही आला होता, पण उठले.

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे खालच्या दुर्बिणीच्या, रिपोर्टमध्ये तीन ओळी होत्या. उजव्या बाजूच्या चढत्या भागात 12 मिलिमीटरचा पसरट सेरेटेड पॉलिप, श्लेष्माची टोपी असलेला. डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये, 4 मिलिमीटरचा अडिनोमा. गुदाशयात दोन-तीन मिलिमीटरचे चार हायपरप्लास्टिक पॉलिप, जे तिथे असतील तर निरुपद्रवी धरतात. मोठ्या पॉलिपखाली द्रव टोचून तो उचलून घेतला आणि फासात धरून काढला. छोट्याला द्रवाची गरज पडली नाही. दुर्बीण आत शेवटपर्यंत पोचल्यावर परत येताना किमान सहा मिनिटं तरी बघत यावं असा संकेत आहे. उजवा भाग दोनदा पाहण्याची माझी सवय आहे, आणि ती टोपी दुसऱ्या फेरीत दिसली.

पॅथॉलॉजीत कॅन्सर नव्हता. 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा सेरेटेड पॉलिप निघाला की पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. फक्त तो 4 मिलिमीटरचा अडिनोमा एकटा असता तर सात ते दहा वर्षं चाललं असतं.

आता गंमत बघा. लोह यातल्या एकाही पॉलिपामुळे गेलं नव्हतं. सेरेटेड पॉलिपातून सहसा रक्त येत नाही. कारण वरच्या दुर्बिणीत सापडलं, जठरात. त्याबद्दल पुढे.

शौचाची रक्ततपासणी निगेटिव्ह आहे. कोलोनोस्कोपी टाळली तर चालेल?

शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी एफआयटी ही चाचणी चांगली आहे. काही त्रास नसलेल्या माणसाने ती दरवर्षी करणं हा मान्य मार्ग आहे. पण ती रक्त शोधते, पॉलिप नव्हे. रक्त न येणारा पसरट सेरेटेड पॉलिप तिला बहुतेकदा दिसत नाही, आणि ओढणाऱ्यांमध्ये नेमके तेच जास्त. शिवाय निगेटिव्ह चाचणी फक्त त्रास नसलेल्यांसाठी दिलासा आहे. रक्त दिसतंय, लोह कमी आहे, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली आहे, अशा वेळी ती चाचणी गैरलागू असते. तिथे दुर्बीणच.

तपासणी कोणत्या वयात सुरू करायची हे देशागणिक बदलतं, 45 ते 50 च्या आसपास. नुसत्या धूम्रपानामुळे हे वय अलीकडे आणायची शिफारस बहुतेक मार्गदर्शिका करत नाहीत. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर मात्र वय खाली येतं, बऱ्याच ठिकाणी 40, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यातलं जे आधी येईल ते.

रक्त पडतंय, पण मूळव्याध आहे. तेच ना?

असेलही. पण मूळव्याध आणि गुदाशयाचा कॅन्सर एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. लालभडक रक्त दोन्हींत येतं. शौचाला जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, पुन्हा जावंसं वाटणं, रक्तासोबत चिकट पडणं, ही मूळव्याधीची बोली नव्हे. चाळिशीपुढच्या आणि वीस-पंचवीस वर्षं ओढलेल्या माणसाला मी मलम देऊन घरी पाठवत नाही.

जठराच्या कॅन्सरचं मूळ तर एक जिवाणू आहे असं वाचलं. मग सिगारेटचा दोष काय?

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण आहे, आणि 1994 मध्येच तो कॅन्सरकारक म्हणून नोंदला गेला. पण तो असलेल्या बहुसंख्य माणसांना कॅन्सर होत नाही. तो जमीन नांगरून ठेवतो, त्यात काय उगवतं हे इतर गोष्टींवर ठरतं, आणि सिगारेट त्यातली एक ठळक गोष्ट.

पायऱ्या अशा असतात. आधी अस्तराला सूज. वर्षानुवर्षं ती टिकली की आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात. मग झिजलेल्या जागी चक्क आतड्यासारखं अस्तर उगवतं, याला आंत्रसदृश बदल म्हणू. त्यापुढे पेशींची वागणूक बिघडते, आणि शेवटी कॅन्सर. सिगारेट जठराचा रक्तपुरवठा आणि संरक्षक रसाचा थर कमी करते, त्यामुळे जखमा भरायला वेळ लागतो. आंत्रसदृश बदल ओढणाऱ्यांमध्ये जास्त आढळतात. आणि जठराच्या अगदी वरच्या, अन्ननलिकेला लागून असलेल्या भागातल्या कॅन्सरमध्ये, जिथे जिवाणूचा हात कमी असतो, तिथेही सिगारेटचा हात दिसतोच.

आपल्या रुग्णाच्या जठरात जिवाणू होता, ग्रंथी झिजल्या होत्या आणि दोन ठिकाणच्या तुकड्यांत आंत्रसदृश बदल होता. आम्ल कमी पडलं की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. कोठार रिकामं होण्याचं कारण हे. दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स दिला. त्या कोर्सला ओढणाऱ्यांमध्ये अपयश जास्त येतं हे त्यांना आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. संपल्यावर महिन्याने श्वासाची चाचणी केली, त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बंद ठेवून, कारण त्या चालू असताना चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. जिवाणू तिथेच होता. दुसरा कोर्स वेगळ्या अँटिबायोटिक्सचा, आणि या वेळी सिगारेट बंद ठेवून. तो लागू पडला. बदल पसरलेला असल्याने जठराची दुर्बीणही तीन वर्षांनी ठरली.

एक इशारा इथे देतो. पोटात जळजळ म्हणून महिनोन्महिने आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत राहणं ओढणाऱ्यांमध्ये फार दिसतं. जठराच्या सुरुवातीच्या कॅन्सरची जळजळही त्या गोळ्यांनी शमते. वजन उतरणं, थोडं खाऊन पोट भरणं, काळी डांबरासारखी शौच, गिळताना अडकणं, यातलं काही असेल तर गोळी वाढवू नका, तपासणी करा.

सिगारेट ओढल्याशिवाय माझं पोटच साफ होत नाही. सोडली तर बद्धकोष्ठ होईल.

होऊ शकतं, ही थाप नाही. निकोटिन आतड्याच्या मज्जातंतूंना डिवचतं आणि ते बंद झाल्यावर काही जणांना काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. पाणी, चालणं, इसबगोल यांवर ते बहुतेकांचं निभावतं. फक्त दोन गोष्टींची गल्लत नको. सोडल्यानंतर लगेच सुरू झालेलं आणि हळूहळू कमी होणारं बद्धकोष्ठ हे निकोटिनचं. ओढत असतानाच सवय बदलली, किंवा दोन महिन्यांनंतरही वाढतच चाललं आहे, तर ते सोडण्याच्या खात्यात टाकू नका.

अल्सरेटिव्ह कोलायटिसला सिगारेट चांगली असते म्हणे?

मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा तो आजार ओढणाऱ्यांमध्ये कमी दिसतो, हे खरं आहे. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजारात नेमकं उलट, तिथे सिगारेट आजार चिघळवते. कोलायटिसवर सिगारेट हे औषध म्हणून कुणीही सांगत नाही. दीर्घकाळ कोलायटिस असणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका मुळातच जास्त असतो.

सोडून दहा वर्षं झाली. आता सुटलो का?

जठराच्या बाबतीत बऱ्यापैकी, पूर्ण नाही. मोठ्या आतड्याच्या बाबतीत उतार फारच संथ आहे, तिथे धोका न ओढणाऱ्याच्या जवळ यायला दोन दशकं किंवा अधिक लागतात. ज्याला चढायला तीस वर्षं लागतात ते पाच वर्षांत उतरत नाही. आधीच उगवलेला पॉलिप सिगारेट बंद केल्याने विरघळतही नाही, तो काढावाच लागतो. सोडण्याने थांबते ती नवी पेरणी. त्यामुळे "मी ओढत नाही" एवढंच सांगू नका, कधीपर्यंत ओढत होता तेही सांगा.

ऑपरेशन ठरलंय. आता सोडून काय उपयोग?

इथे उपयोग काही आठवड्यांत दिसतो. आतड्याचा तुकडा काढला की दोन टोकं जोडतात. तो जोड भरायला रक्त आणि ऑक्सिजन लागतो. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवतो. जोड गळला तर पोटात संसर्ग, दुसरं ऑपरेशन, कधी पोटावर पिशवी. ओढणाऱ्यांमध्ये ही गळती जास्त होते, विशेषतः गुदाशयाच्या खालच्या जोडांत. चार आठवडे आधी सोडली तर जखमेचे आणि छातीचे त्रास मोजण्याइतके कमी होतात. चार आठवडे हातात नसतील तरी कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो, तेवढं तरी पदरात पडतं. पण सोडायची मुदत मिळावी म्हणून कॅन्सरचं ऑपरेशन लांबवू नका.

मी ओढत नाही, चघळतो. आणि मुलगा ई-सिगारेट ओढतो.

चघळण्याच्या तंबाखूने तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांचा कॅन्सर होतो हे सिद्ध आहे. मोठ्या आतड्याबाबत तसा ठोस पुरावा नाही, पण त्या तीन अवयवांनंतर चौथ्याची चौकशी करण्यात मला फार अर्थ दिसत नाही. ई-सिगारेट बाजारात येऊन अजून तीस वर्षं झालेली नाहीत. मोठ्या आतड्याचा हिशेब किती वर्षांनी लागतो हे वर आलंच आहे.

दुर्बिणीआधी डॉक्टरांना नेमकं काय सांगू?

कितव्या वर्षी सुरू केली, रोज किती, मध्ये किती वर्षं बंद होती, शेवटची कधी. घरात कुणाला आतड्याचा, जठराचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कोणत्या वयात झाला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. आधी कधी पॉलिप काढला असेल तर त्याचा पॅथॉलॉजीचा कागद, कारण "काहीतरी काढलं होतं" यावरून पुढची तारीख ठरवता येत नाही. आपले गृहस्थ तीन वर्षांनी आले तेव्हा जुनी फाइल काखोटीला मारूनच आले होते. चढत्या भागात जुन्या जागेचा पांढरा व्रण होता, स्वच्छ. फेरिटिन 60 च्या पुढे गेलं होतं. आडव्या भागात 5 मिलिमीटरचा एक नवा अडिनोमा निघाला, तो काढला.